देव देतो, देते की देई? एका उपासनापत्रिकेचे प्रकरण

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत महिला रविवार वर्षातून एकदा येतो. त्या दिवशी उपासना बायका चालवतात, वचन बायका वाचतात आणि चार पानांची उपासनापत्रिका महिला मंडळ स्वतः छापून घेते. दरवर्षी जुन्याच पत्रिकेवरची तारीख बदलायची, हा रिवाज. त्या वर्षी तसे झाले नाही, कारण धर्मशास्त्राचे शिक्षण घेणारी मंडळीतली एक मुलगी सुट्टीला घरी आली होती आणि तिच्या पिशवीत तिने नुकताच लिहिलेला एक निबंध होता. विषय होता धर्मशास्त्र आणि लिंगभाव. त्यातले एक संपूर्ण प्रकरण देवाला पुरुषवाचक शब्दांनी हाक मारण्यावर स्त्रीवाद्यांनी काय आक्षेप घेतले आणि कोणते पर्याय सुचवले यावर होते. ती म्हणाली, "टीचर, नुसता निबंध लिहून काय करू? या वेळची पत्रिका आपण नव्या भाषेत करू की."

मी शाळेत तीस वर्षे मराठी व्याकरण शिकवले, म्हणून मला बोलावणे आले. मी, ती मुलगी, पाळकसाहेब आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा मावशी असे चौघे तीन गुरुवार बसलो. त्या तीन बैठकांत जे घडले ते इथे क्रमाने मांडते. निबंधात इंग्रजीच्या अंगाने नीट बसणारे पर्याय मराठीत आल्यावर निराळेच वागू लागले, हे मला त्यात सर्वांत शिकण्यासारखे वाटले.

आधी निबंधातला मुद्दा. मेरी डेली या अमेरिकन विदुषीने १९७३ साली तो एका ओळीत मांडला: देव पुरुष असेल तर पुरुषच देव होतो. ओळ चटका लावणारी आहे, पण निबंधात मुलीने तिच्यापाशी न थांबता पुढचे पाऊल टाकले होते, ते मला आवडले. एलिझाबेथ जॉन्सन या कॅथलिक धर्मभगिनीने १९९२च्या आपल्या ग्रंथात म्हटले की 'पिता' हा शब्द मुळात वाईट नाही. तो एकटाच, सदैव आणि शब्दशः वापरला गेला की दोष शिरतो. देव मनुष्याच्या शब्दांत मावत नाही असे सगळी परंपरा सांगते आणि मग एकाच शब्दाला धरून बसते. असा एकटा पडलेला शब्द मूर्ती होऊन बसतो. मूर्तिपूजेच्या विरोधात हयातभर प्रवचने करणाऱ्या पाळकसाहेबांना हा युक्तिवाद जिव्हारी लागला. ते काही वेळ बोललेच नाहीत.

जॉन्सनने पर्यायांच्या तीन वाटा वेगळ्या काढल्या आहेत. देव पिताच ठेवायचा आणि त्याला आईची माया, कोमलता असे गुण जोडायचे, ही पहिली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यातल्या आत्म्याला स्त्रीरूप मानायचे, ही दुसरी. स्त्री आणि पुरुष दोघांच्याही प्रतिमा सारख्याच योग्यतेने, पूर्ण देवासाठी वापरायच्या, ही तिसरी. पहिल्या दोन तिला अपुऱ्या वाटतात. पहिलीत पुरुषाचाच स्वभाव अधिक भरला जातो आणि बाई गुणापुरती उरते. दुसरीत दोन पुरुष आणि एक धूसर स्त्री असा हिशेब होतो, आणि ती स्त्रीही तिसऱ्या जागेवर.

मुलीने पहिला मसुदा या तिसऱ्या वाटेने केला होता. प्रभूच्या प्रार्थनेची पहिली ओळ तिने अशी लिहिली: "हे आमच्या स्वर्गातील मातापित्या".

मी म्हटले, मोठ्याने वाच. तिने वाचले आणि तिची तीच अडखळली. इंग्रजीत दोन नामे 'आणि'ने जोडली की काम भागते. मराठीत 'मातापिता' हा द्वंद्व समास आहे, म्हणजे दोन माणसे, म्हणजे अनेकवचन. हाक मारायची तर 'मातापित्यांनो' म्हणावे लागेल आणि मग एक देव मानणाऱ्या मंडळीत दोन देव उभे राहतील. 'मातापित्या' असे एकवचनी केले की समासाची मोडतोड होते आणि कानाला फक्त शेवटचे 'पित्या' लागते. आई व्याकरणातच गिळली जाते.

मग मी, आपले शिक्षकपण मिरवीत, तोडगा सुचवला. मराठीत एक शब्द असा आहे की जो आई आणि बाप दोघांना धरून एकवचनात चालतो: 'मायबाप'. मायबाप सरकार आपण म्हणतोच. "हे आमच्या मायबापा" ही ओळ गोड वाजते, तालात बसते. पाळकसाहेबांनीही मान हलवली.

मावशी एकदम म्हणाल्या, "तो शब्द नको."

त्यांचे माहेर सौंदत्तीच्या बाजूचे, घराणे पूर्वाश्रमीचे महार. त्या म्हणाल्या, "माझ्या आज्यानं पाटलाच्या दारात उभं राहून 'जोहार मायबाप' म्हटलंय. भाकरी वरून टाकायचे. बाप्तिस्मा घेतला तो तो शब्द सुटावा म्हणून. आता परत देवळात म्हणायला लावता होय?"

चोखोबांचा 'जोहार मायबाप जोहार' मी किती वर्गांना शिकवला आहे! त्यातली वेदनाही समजावून सांगितली आहे. पण तो शब्द ज्यांच्या घरात खराच वापरला गेला त्यांच्या कानाने मी तो कधी ऐकला नव्हता. लिंगाचा तोल साधणारा शब्द जातीचा तोल पार बिघडवून बसला होता. मुलीने निबंधाच्या समासात तिथल्या तिथे खूण केली. तिच्या निबंधात हा धोका होताच, पण अमेरिकेच्या संदर्भात: गोऱ्या स्त्रीवाद्यांची भाषा आपले अनुभव झाकते, असा कृष्णवर्णीय स्त्रियांचा आक्षेप. आमच्याकडे त्याला 'मायबाप' हे नाव मिळाले.

पाळकसाहेबांची अडचण वेगळी होती आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्यांच्या मते 'पिता' ही उपमा नाही, ते नाव आहे; प्रभू येशूने स्वतः शिकवलेले. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शंभराहून अधिक वेळा देवाला पिता म्हणतो, हे खरे. यावर मुलीचे उत्तर असे, की जुन्या करारात हीच हाक मोजक्याच वेळा येते, आणि तिथे शेजारीच प्रसूतीच्या वेदनांनी ओरडणारी बाई, आपल्या पोटच्या पोराला न विसरणारी आई, आईसारखे सांत्वन करीन म्हणणारा देव असे सगळे यशयाच्या एकाच ग्रंथात आहे. येशूने स्वतःला पिले पंखाखाली घेणारी कोंबडी म्हटले. पाळक म्हणाले, "ती दृष्टान्ताची भाषा. बाप्तिस्मा मी कोणाच्या नावाने देऊ?"

इथे तिने निबंधातला सगळ्यांत प्रसिद्ध पर्याय काढला. पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांऐवजी पश्चिमेत काही मंडळ्या देवाला त्याच्या कामावरून संबोधतात: निर्माण करणारा, तारणारा, सांभाळणारा. इंग्रजीत हे तिन्ही शब्द लिंगनिरपेक्ष आहेत, म्हणून तो तोडगा तिथे लोकप्रिय झाला. तिने तो मराठीत लिहिला: "निर्माणकर्ता, तारणारा, पालनकर्ता". लिहून झाल्यावर तिलाच हसू आले. कर्ता, तारणारा, सगळे पुल्लिंगी! एक 'पिता' घालवायला तीन पुरुष आणले. आणि स्त्रीलिंगी करून 'निर्माती, तारणारी' म्हटले तर मूळ पर्यायाचा हेतूच, म्हणजे लिंगापासून सुटका, हरवतो.

शिवाय या पर्यायाला व्याकरणापलीकडचीही एक जुनी अडचण आहे. पिता आणि पुत्र ही नात्याची नावे आहेत, निर्माणकर्ता हे कामाचे. कामावरून नाव दिले तर देव स्वतःत कोण आहे हे न सांगता आमच्यासाठी काय करतो एवढेच सांगितले जाते, आणि एकेका व्यक्तीला एकेक खाते वाटून दिल्यासारखे होते. २००८ साली व्हॅटिकनने अशा शब्दांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही असे स्पष्ट केले. आमची मंडळी कॅथलिक नाही, पण पाळकसाहेबांना तेवढा आधार पुरला. बाप्तिस्म्याचे शब्द आणि प्रभूची प्रार्थना यांना हात लावायचा नाही, बाकी पत्रिका तुम्ही करा, असे ठरले. मुलगी हिरमुसली. मला मात्र तेव्हा एक गोष्ट दिसली, ती मी फळ्यावर लिहावी तशी वहीत लिहून तिला दाखवली.

प्रभूच्या मराठी प्रार्थनेत 'पित्या' सोडला तर एकही शब्द देवाला पुरुष ठरवत नाही. येवो, होवो, दे, सोड, आणू नको: सगळी आज्ञार्थी रूपे. 'तू' हे सर्वनाम मराठीत स्त्री-पुरुष दोघांना सारखे. म्हणजे इंग्रजीत ज्या 'तो'वरून एवढे रण माजले, ते सर्वनाम आमच्या समोरासमोरच्या प्रार्थनेत येतच नाही. आमच्याकडे पुरुष लपलेला आहे तो क्रियापदाच्या शेपटीत. "तू देतोस, राखतोस, आमच्यात राहतोस." जुन्या पत्रिकेत मी अशी रूपे मोजली. चार पानांत सव्वीस निघाली. 'पिता' हा शब्द फक्त सात वेळा.

यावरून दुसरी बैठक निव्वळ व्याकरणाची झाली. मावशी मटकी निवडत बसल्या होत्या, तरी कान इकडेच. आम्ही एकेक ओळ घेतली. "तू आमची काळजी वाहतोस" याचे "तू आमची काळजी वाहिलीस" केले की क्रियापद काळजीच्या मागे जाते आणि वाहणारा की वाहणारी हा प्रश्न मिटतो. "तू आमच्यात राहतोस" याचे "तू आमच्यात आहेस". "तू आम्हाला वाट दाखवतोस" याचे "दाखवशील", कारण द्वितीय पुरुषी भविष्यकाळात लिंग नाही. अडले ते अकर्मक भूतकाळाशी. "तू आमच्याबरोबर चालत आलास" याला काही केल्या लिंगाशिवाय उभे करता येईना. शेवटी कर्ताच बदलला: "तुझी पावले आमच्याबरोबर चालत आली."

देवाविषयी तृतीय पुरुषात बोलताना अडचण अधिक. देव राखतो, देव देतो. 'देव' पुल्लिंगी, 'देवता' स्त्रीलिंगी, 'दैवत' नपुंसकलिंगी, आणि तिन्ही शब्दांचा वास वेगळा. चर्चमध्ये 'देवता' म्हटले तर माणसे माना वळवून बघतील. इथे मला वाट अभंगांनी दाखवली. 'तुका म्हणे' आणि 'जनी म्हणे'. म्हणणारा पुरुष असो की बाई, 'म्हणे' तेच. करी, देई, राखी, येई ही सगळी जुनी रूपे स्त्री-पुरुष भेद करीत नाहीत. "देव राखी, देव देई, देव जवळी येई" असे लिहिले की शेपूट गळून पडते, आणि वर अभंगाचा गोडवा. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगाच्याच भाषेत आई आणि गुरू एकत्र करून हाक मारली होती, हे पाळकसाहेबांनी आपण होऊन आठवण करून दिले. ते आता थोडे सैलावले होते.

या बैठकीत एक गोष्ट मात्र फसली. मुलीने लिहिले होते, "पवित्र आत्मा आली". कारण असे की हिब्रूत आत्म्यासाठीचा 'रुआख' शब्द स्त्रीलिंगी आहे, ग्रीकमध्ये तो नपुंसकलिंगी झाला आणि लॅटिनमध्ये पुल्लिंगी. प्राचीन सिरियाक लेखक आत्म्याविषयी स्त्रीलिंगीच बोलत. यावरून आत्मा मुळात स्त्रीरूप, असा तर्क पुष्कळ जण करतात. मावशींनी वर न बघताच विचारले, "ही काय टीव्हीवरची हिंदी?" हिंदीत आत्मा स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी, आमच्या कानाला ती ओळ धर्मशास्त्र न वाटता भाषेची चूक वाटणार. आणि तर्कही कच्चाच आहे. शब्दाचे लिंग म्हणजे वस्तूचे लिंग नव्हे. खुर्ची बाई नसते आणि टेबल नपुंसक नसते. ओळ काढली.

आमच्या भागात हा मुद्दा पारखायला फार लांब जावे लागत नाही. त्याच इमारतीत आमच्यानंतर कन्नड मंडळीची उपासना असते. कन्नडमध्ये 'देवरु' हा शब्द आदरार्थी अनेकवचनी. 'देवरु इद्दारे' म्हटले तर त्यातून देव की देवी काही कळत नाही. बसवण्णांचे 'तंदे नीनु, तायी नीनु' हे वचन तर तिथे शाळकरी पोरांनाही पाठ. बाप तू, आई तू. म्हणजे आम्हाला जे व्याकरण मोठ्या कष्टाने जमवावे लागले ते शेजाऱ्यांना आयते मिळाले आहे. तरीही त्यांची प्रार्थना 'नम्म तंदेये', आमच्या बापा, अशीच सुरू होते, आणि वेदीपाशी उभे राहणारेही पुरुषच. शेपूट नसले तरी प्रतिमा राहते, हे त्यावरून मुलीला पटले. (बेळगावात पाटीवर कोणती अक्षरे वर आणि कोणती खाली यावरून आपण एवढे भांडतो, पण दोन्ही भाषांच्या प्रार्थना शेजारी ठेवून कोणी बघत नाही. असो.)

मग देवीच म्हणावे का? १९७८ साली कॅरल ख्राइस्टने 'स्त्रियांना देवीची गरज का आहे' असा निबंध लिहिला होता. तिचे म्हणणे, ज्या बाईला आपल्यासारखे दैवत नाही तिला आपल्या शरीराचा, आपल्या सामर्थ्याचा आदर वाटत नाही. मुलीने तो परिच्छेद वाचून दाखवला. मावशींनी मटकी बाजूला ठेवली.

"आमच्या गावावरून सौंदत्तीला गाड्या जायच्या," त्या म्हणाल्या. "यल्लम्मा आईच आहे की. बाप नाही तिथं. पण रांडाव पुनवेला तिच्याबी बांगड्या फोडतात. नवरा मेला म्हणून देवीसुद्धा रांडाव. आणि तिला सोडलेल्या पोरींचं काय झालं ते मला विचारा."

देवदासी म्हणून मुली सोडण्याला कर्नाटकात १९८२च्या कायद्याने बंदी आली. मावशींच्या लहानपणी हा कायदा नव्हता. त्यांचा आक्षेप देवीवर नव्हता, हे मी इथे स्पष्ट करते. आजही कोणी यल्लम्माला नावे ठेवली तर त्यांना खपत नाही. त्यांचे म्हणणे एवढेच, की गाभाऱ्यात बाई असली म्हणून दारातल्या बाईचे काही बदलतेच असे नाही. आपल्याकडे विठ्ठलही विठाई होतो, माउली होतो, जनाबाईचा 'लेकुरवाळा' होतो. आता हा शब्द बघा: लेकुरवाळी ही बाई, आणि तिचे रूप पुल्लिंगी करून देवाला दिले. सुंदरच आहे. पण जॉन्सनच्या पहिल्या वाटेचा याहून नेमका नमुना मला सापडणार नाही. पुरुषाला आईपण मिळाले. बाईला त्या बदल्यात काय मिळाले, हा प्रश्न तिथेच राहतो. रोझमेरी रूथर हिने आणखी एक काटा दाखवला आहे, की आई म्हणा की बाप म्हणा, दोन्हींत भक्त कायमचा लेकरूच राहतो.

म्हणून सॅली मॅकफेगने १९८७ साली आईबरोबर प्रियकर आणि मित्र याही प्रतिमा पुढे केल्या. मित्र की मैत्रीण, सखा की सखी, इथे आमचे परत लिंगाशी अडले. शेवटी शब्द मावशींनीच दिला. रात्री उशिरा घरी निघताना त्या मुलीला म्हणाल्या, "चल, सोबत ये." मी म्हटले, हाच! 'सोबत'. रात्री लागते ती. "तूच आमची सोबत" अशी ओळ झाली. शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी, अर्थाने ना बाई ना बुवा, आणि लेकराची भाषा नव्हे.

तिसऱ्या गुरुवारी महिला मंडळाच्या बारा-पंधरा बायकांना बोलावून सामूहिक वाचन करून पाहिले. प्रार्थनेची भाषा जमली की फसली हे ओळखायची माझी रीत साधी आहे: ओठांकडे बघायचे. न पटलेल्या ओळीला बायका वाद घालत नाहीत, ओठ मिटतात. मुलीच्या आग्रहाने एका ठिकाणी 'मातापित्या' ठेवले होते. तिथे निम्मे ओठ मिटले. 'देव राखी, देव देई'ला सगळ्या न अडता गेल्या. पापांगीकारात आम्ही "आमचे अपराध पोटात घाल" असे लिहिले होते. फिलिस ट्रिबल हिने १९७८ साली दाखवून दिले की हिब्रूत करुणेचा शब्द आणि गर्भाशयाचा शब्द एकाच मुळातून येतात. ही गोष्ट आम्ही पत्रिकेत कुठेच सांगितली नाही. गरजच नव्हती; पोटात घालणे म्हणजे काय ते मराठी बाईला सांगावे लागत नाही. त्या ओळीला आवाज चढला.

वाचन संपल्यावर एक काका, जे खुर्च्या लावायला आले होते, म्हणाले, "छान झालंय. पण काय बदललंय म्हणता?"

मी खूश झाले. मुलगी रडकुंडीला आली. तिचे म्हणणे, कोणाच्या लक्षातच आले नाही तर काकांच्या मनातला देव आहे तसाच दाढीवाला राहिला. शेपटी कापून आपण फक्त दोष दिसेनासा केला. विचार करता तिचेच बरोबर होते. लिंग न दाखवणारी भाषा कोणाला खुपत नाही, आणि त्याच कारणाने जुनी प्रतिमा हलवतही नाही. व्याकरणाच्या नादात मी तिसरी वाट सोडून दिली होती.

मग एक उघड बदल केला. लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेल्या गोष्टींचे तीन दृष्टान्त ओळीने आहेत: मेंढपाळाचे मेंढरू, बाईचे नाणे, बापाचा मुलगा. पहिल्या आणि तिसऱ्यावर आमच्याकडे ढीगभर प्रवचने झाली. दिवा लावून, घर झाडून नाणे शोधणाऱ्या बाईवर एकही माझ्या आठवणीत नाही. तिघांच्याही रूपात देवच आहे, मग मधली तेवढी का सुटावी? पाळकसाहेबांनी वहीची जुनी पाने चाळली आणि "खरंच की," म्हणाले. पत्रिकेच्या मध्यभागी ओळ आली: "दिवा लावून, केरसुणी हाती घेऊन आम्हाला शोधणारी तू." इथे मुद्दाम 'शोधणारी'. काकांच्या लक्षात यावे म्हणूनच.

पत्रिका छापायला बेळगावात दिली. शनिवारी साठ प्रती आल्या. डीटीपी करणाऱ्याने आमच्या 'चुका' सुधारल्या होत्या. 'देव राखी'चे सगळीकडे 'देव राखतो', 'देई'चे 'देतो', आणि 'शोधणारी तू'चे 'शोधणारा तू'. दुसऱ्यांदा छापायला वेळ नव्हता आणि पैसेही. रात्री आम्ही चौघे पाळकसाहेबांच्या घरी जमिनीवर बसून साठ प्रतींवर निळ्या पेनने एकेक शेपूट खोडत होतो. पाळकसाहेबांच्या वाट्याला 'शोधणारा' आले. त्यांनी साठ वेळा काना खोडून वेलांटी काढली. त्यांची धाकटी शेजारी बसून एक प्रत वाचत होती. तिने विचारले, "पप्पा, देव राखी म्हणजे राखीपौर्णिमा काय?"

मावशी हसत सुटल्या. मी त्या प्रतीवर 'राखी'च्या खाली कंसात 'सांभाळी' असे लिहिले, आणि मग उरलेल्या एकोणसाठांवरही लिहावे लागले.